जामीनदाराच्या दारात आलेली नोटीस

(वाडीवस्तीवर काम करणारे स्वयंसेवक आणि मंडळीतील सभासद यांच्या रत्नागिरी येथील बैठकीत, अनेक वर्षे तालुका न्यायालयात वकिली केलेल्या एका सभासदाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



कर्जाच्या नोटिशीबद्दल बोलायला मला सांगितले आहे. हा विषय मोठा आहे, म्हणून आज मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला वकिलाची नोटीस येते, तेव्हा तिचा अर्थ काय आणि पहिल्या पंधरा दिवसांत काय करावे, एवढेच सांगतो. हाच तुकडा निवडला, कारण आपल्यापैकी काहीजण वाडीतल्या कुटुंबांना जामीन राहिले आहेत, आणि वाडीतले लोकही एकमेकांना जामीन राहतात. जामिनाबद्दलचा इशारा नीतिसूत्रांत आपण सर्वांनी वाचलेला आहे. तरीही शेजाऱ्याच्या मुलीच्या आजारपणात सही करायची वेळ आली की हात मागे घेववत नाही.

आधी एक अडचण सांगतो. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या भागांतली कातकरी कुटुंबे पाऊस संपला की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला परत येतात. नोटीस मात्र आधारकार्डावरच्या पत्त्यावर वाडीत येते. पोस्टमन येऊन जातो, दार बंद असते. कधी घरात म्हातारी एकटी असते, तिला कागद वाचता येत नाही, आणि वकिलाचे नाव ऐकून ती तो घ्यायचेच नाकारते. पोस्टमन पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा मारतो. आपल्याला वाटते, घेतली नाही म्हणजे बला टळली. कायदा तसे मानत नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली, तर ती मिळाली असेच सहसा धरले जाते. म्हणून पहिली गोष्ट ही की नोटीस घ्यावी, ज्या तारखेला मिळाली ती तारीख पाकिटावर लिहावी आणि पाकीट फेकू नये. पुढची प्रत्येक मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

कागद कोणाचा आहे ते आधी पाहा

हातात आलेला प्रत्येक कागद सारखा नसतो. वकिलाच्या नोटिशीवर वकिलाचे नाव आणि पत्ता असतो, "माझे अशील" असे शब्द असतात, आणि अमुक दिवसांत रक्कम भरा नाहीतर कारवाई करू, असे लिहिलेले असते. हा हुकूम नसतो, मागणी असते. अशी नोटीस आली म्हणून कोणी घर जप्त करू शकत नाही आणि पोलीसही धरून नेत नाहीत.

दुसरा कागद सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयाकडून येतो. त्यावर कार्यालयाचे नाव, प्रकरण क्रमांक आणि सुनावणीची तारीख असते. हा कागद वकिलाच्या नोटिशीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर बोलतो. तिसरा कागद लोकअदालतीची सूचना. ती तडजोडीसाठी दिलेली बोलावणी असते, खटल्याचे समन्स नव्हे. चौथा कागद चेक न वटल्याची नोटीस. तिची गोष्ट वेगळी आहे, तीही शेवटी सांगतो.

आता लोक सगळ्यात आधी जे विचारतात ते, तुरुंगात जावे लागेल का? कर्ज फेडता आले नाही एवढ्याच कारणाने माणूस तुरुंगात जात नाही. पैसे असूनही खोटेपणाने टाळणाऱ्यासाठी दिवाणी कैदेची तरतूद कायद्यात आहे, पण केवळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून कैद करणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली स्पष्ट सांगितले. पैशाच्या हुकुमाच्या वसुलीसाठी स्त्रीला तर दिवाणी कैदेत टाकताच येत नाही. वसुलीचा माणूस "उद्या पोलीस घेऊन येतो" म्हणाला, तर हे लक्षात ठेवा.

मी कर्ज घेतले नाही, मग मला का?

जामीनदार हेच विचारतो. "पैसे त्याने घेतले, त्याच्याकडे आधी जा." दुर्दैवाने कायदा असे म्हणत नाही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. संस्थेने आधी कर्जदाराकडून वसुली करून पाहावी आणि मगच जामीनदाराकडे यावे, असे तिच्यावर बंधन नाही. जामीनदाराची नोकरी पक्की असेल किंवा नावावर घर असेल, तर संस्था त्याच्याकडेच आधी येते.

पण याच कायद्याने जामीनदाराला काही हक्कही दिले आहेत. त्याने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याला मिळतो, आणि संस्थेकडे त्या कर्जाचे जे तारण असेल त्यावर तो संस्थेच्या जागी उभा राहतो. दोन जामीनदार असतील आणि एकाने सगळे भरले, तर तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. संस्थेने जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरता जामीनदार सुटू शकतो. हे हक्क आपोआप हातात पडत नाहीत. त्यासाठी कागद लागतात, म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती स्वतःच्या नावाची घ्या. कर्जदाराच्या हातात रोख देऊन "तू भर" असे कधी म्हणू नका.

एक उदाहरण, आकड्यांसह

नाव-गाव न सांगता, आकडे समजायला सोपे जावेत असे करून एक उदाहरण देतो.

वाडीतल्या एका माणसाने पतसंस्थेकडून 60,000 रुपये कर्ज घेतले. दोन जामीनदार होते, एक त्याचा मेव्हणा आणि दुसरे आपल्यासारखेच एक सभासद. दीड वर्ष हप्ते बरे चालले. मग भट्टीचा मुकादम पैसे बुडवून गेला आणि हप्ते थांबले. पुढे दोन्ही जामीनदारांना नोटीस आली, 15 दिवसांत 57,000 रुपये भरा.

सभासद घाबरले आणि घरातले सोने मोडायला निघाले. मी म्हटले, थांबा, आधी 57,000 कसे झाले ते पाहू. संस्थेकडे कर्जखात्याचा उतारा लेखी मागितला. त्यात मुद्दल 38,000 बाकी, व्याज 14,200, दंडव्याज 3,600 आणि नोटीस व इतर खर्च 1,200 असे होते. चार आकड्यांची बेरीज 57,000 बरोबर येते. पण बेरीज बरोबर आहे म्हणजे हिशोब बरोबर आहे असे होत नाही.

मग कर्जदाराच्या घरून पावत्यांची पिशवी आणवली. पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाबरोबर ती होती. उताऱ्याशी एकेक पावती लावून पाहिली तेव्हा 2,500 रुपयांच्या तीन पावत्यांची नोंद उताऱ्यात सापडली नाही. पैसे वसुली प्रतिनिधीने घेतलेले, पावती दिलेली, पण खात्यात जमा झालेले नव्हते. हे 7,500 रुपये वजा केले की 49,500 राहतात. शिवाय ते पैसे भरल्या तारखेला जमा धरले तर त्यावरचे पुढचे व्याजही कमी होते, तो हिशोब संस्थेने करून द्यायचा. कर्ज देताना शेअर म्हणून 3,000 रुपये कापून घेतले होते. ते कर्जात वळते करावेत अशी मागणी केली, म्हणजे 46,500. आणि दंडव्याज माफ करण्याची विनंती केली. ती मान्य करणे संस्थेच्या हातात असते, हक्क म्हणून मागता येत नाही. पण एकगठ्ठा किंवा ठरलेल्या हप्त्यांनी रक्कम येणार असेल, तर संचालक मंडळ अशा विनंतीचा विचार करू शकते. मान्य झाली तर 42,900 उरतात. 12 हप्ते केले तर महिन्याला 3,575. कर्जदाराने 1,575 आणि दोन्ही जामीनदारांनी 1,000-1,000 अशी वाटणी बसवता येते.

यात कोणी कोणाला फसवलेले नाही आणि कोणी देणे बुडवलेले नाही. फक्त सोने मोडण्याआधी हिशोब पाहिला. उतारा मागितल्याशिवाय पैसे भरणाऱ्याला असा फरक कधी कळत नाही, हे मी वकिलीत फार वेळा पाहिले.

उत्तर कसे लिहावे

उत्तर लेखीच द्यावे. फोनवर "बघतो, देतो" म्हटले तर त्याचा पुढे उपयोग नाही, उलट दुसरी बाजू ते आपल्या सोयीने सांगू शकते. उत्तर लांबलचक नको. कोणी कर्ज का थकवले याची कहाणी, रागाचे शब्द, संस्थेवर आरोप, यातले काही लिहू नका. मजकूर साधारण असा पुरे:

"आपली अमुक तारखेची नोटीस मला अमुक तारखेला मिळाली. मी सदर कर्जाला जामीनदार असल्याचे आपण म्हणता. कर्जखात्याचा आजपर्यंतचा पूर्ण उतारा, कर्ज करारनामा आणि माझ्या सहीच्या जामीनपत्राची प्रत मला द्यावी. कर्जदाराने भरलेल्या काही रकमा उताऱ्यात आलेल्या नाहीत असे दिसते, त्या पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हिशोबाची खात्री झाल्यावर तडजोडीसाठी भेटण्यास मी तयार आहे. या पत्राने कोणतीही रक्कम मी मान्य केलेली नाही आणि माझे सर्व हक्क राखून ठेवले आहेत."

शेवटचे वाक्य उगाच घातलेले नाही. पैशाच्या दाव्याला साधारणपणे 3 वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी देणे लेखी कबूल केले की मुदत नव्याने सुरू होते. म्हणून कर्ज बरेच जुने असेल, तर कबुलीच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी किंवा थोडीशी रक्कम भरण्याआधी वकिलाला दाखवा. सहकारी संस्थेच्या वसुलीत मुदतीचा हिशोब वेगळा असू शकतो, त्यामुळे तो अंदाजाने ठरवू नका.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक संस्थेत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. त्यांनी घेतले नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. वकिलाच्या पत्त्यावरही एक प्रत जाऊ द्या. मूळ पावत्या कोणालाही देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या.

खरी कसोटी सुनावणीच्या तारखेला

नोटिशीतून तोडगा निघाला नाही, तर पतसंस्था न्यायालयातच जाते असे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली ती सहायक निबंधकांकडे अर्ज करते. तिथे चौकशी होऊन वसुली दाखला दिला जातो. वाडीत लोक त्याला नुसते "एकशे एक" म्हणतात. हा दाखला देण्यापूर्वी आपल्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते, आणि मघाचा दुसऱ्या प्रकारचा कागद म्हणजे तीच संधी.

ही तारीख चुकवू नका, असे मी इतके कळकळीने का सांगतो ते ऐका. एकदा दाखला निघाला की थकबाकीची ती रक्कम पक्की धरली जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, दाखला कळवल्यापासून दोन महिन्यांत. पण तो अर्ज ऐकून घेण्यासाठी वसुलीच्या रकमेपैकी 50 टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. आपल्या उदाहरणात म्हणजे 28,500 रुपये. भट्टीवर मजुरी करणारा माणूस हे कुठून आणणार? ज्या तीन पावत्या सुनावणीला फुकट दाखवता आल्या असत्या, त्याच दाखवायला नंतर 28,500 रुपये लागतात.

म्हणून सुनावणीला जा. सोबत पावत्या, उतारा आणि संस्थेला दिलेल्या उत्तराची शिक्का असलेली प्रत न्या. आपले म्हणणे लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या. कुटुंब भट्टीवर असेल तर कोणीतरी जाऊन तारीख वाढवून मिळण्याचा लेखी अर्ज द्यावा. इथे आपल्या स्वयंसेवकांचे खरे काम आहे. भट्टीवर जाण्याआधी प्रत्येक कुटुंबाचा तिथला फोन नंबर वहीत लिहून ठेवला, आणि पोस्टमनला वाडीतला एक वाचता येणारा माणूस माहीत करून दिला, तर निम्मी प्रकरणे एकतर्फी होणार नाहीत.

वकील कोण देईल?

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असे होण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज करा, जातीचा दाखला आणि नोटिशीची प्रत जोडा. राष्ट्रीय हेल्पलाईनचा क्रमांक 15100 आहे.

याच प्राधिकरणाच्या लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. जायला घाबरू नका, पण एक ध्यानात ठेवा. तिथे सही केलेली तडजोड न्यायालयाच्या हुकुमासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. समोरचा "महिना 5,000 लिहा, काही होत नाही" म्हणाला आणि आपली ऐपत 2,000 ची असली, तर 2,000 च म्हणा. पावसाळ्यात मजुरी नसते, तेव्हा त्या महिन्यांचा हप्ता कमी लिहून घ्या. न झेपणारा हप्ता मान्य करणे म्हणजे पुढची नोटीस आजच लिहून देणे.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली चेकची. कर्जाच्या वेळी जामीनदाराकडून सही केलेले कोरे चेक घेण्याची पद्धत आहे. तसा चेक बँकेत टाकला गेला आणि वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 ची नोटीस येते. तिथे नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम दिली नाही तर फौजदारी तक्रार होऊ शकते. ही नोटीस आली तर उत्तराचा मसुदा स्वतः करत बसू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा.

दुसरी जमिनीची. कर्जदार आदिवासी असेल आणि कोणी "जमीन लिहून दे, विषय मिटवू" म्हणाले, तर सही करू नका. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ चे निर्बंध आहेत, आणि वरिष्ठ महसूल अधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय असा व्यवहार टिकत नाही. सातबारा घेऊन आधी विधी सेवा प्राधिकरणात जा.

तिसरी तक्रार कुठे करायची याची. कर्ज बँकेचे किंवा मायक्रोफायनान्स कंपनीचे असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. चुकीच्या दारात अर्ज टाकून महिना वाट पाहिली, तर तेवढ्यात सुनावणीची तारीख निघून जाते.

शेवटी एवढेच विचारतो. आज घरी गेल्यावर आठवून पाहा, आपण कोणाकोणाला जामीन राहिलो आहोत? त्या प्रत्येक कर्जाचा आजचा उतारा या महिन्यात मागून घ्या. जामीनपत्राची प्रत आपल्याकडे नसेल तर तीही मागा. हप्ता थकला असेल तर कर्जदाराला घेऊन संस्थेत जा, नोटीस यायच्या आधी. तेव्हा समोर बसलेला मॅनेजर आपले ऐकून घेण्याची शक्यता, वकिलाची फी लागल्यानंतरच्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

आणि वाडीत गेलात की त्या पत्र्याच्या डब्यातल्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला सांगा. पहिल्या पावसात शाई पुसून जाते.